शून्य टक्क्याचा हिशेब: अहिल्यानगरचे पीककर्ज आणि 30 जूनची तारीख

महाराष्ट्रात 3 लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला शून्य टक्के व्याज पडते, हे विधान सरकारी जाहिरातीत, बँकेच्या फलकावर आणि विकास सोसायटीच्या वार्षिक सभेत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की त्यातील ‘वेळेत’ हा शब्द जवळजवळ ऐकूच येईनासा झाला आहे. वास्तविक या योजनेचे सारे अर्थशास्त्र त्या एका शब्दात सामावलेले आहे. कर्जावरचा मूळ दर शून्य नसतो. तो दोन सरकारांच्या पैशातून शून्यापर्यंत उतरवला जातो, आणि ठरलेली तारीख एका दिवसाने चुकली तरी उतरवलेला सगळा भाग शेतकऱ्याच्या खात्यावर परत चढतो. म्हणून शेतकरी प्रत्यक्षात किती टक्के व्याज भरतो, या प्रश्नाचे उत्तर कर्जाच्या दरात सापडत नाही. ते पीक केव्हा निघते, पैसा हाती केव्हा येतो आणि देय तारीख कोणती, या तिन्हींच्या मेळात सापडते. आडसाली ऊस, उन्हाळी कांदा आणि रब्बी ज्वारी अशी अगदी वेगवेगळ्या वेळापत्रकांची पिके एकाच जिल्ह्यात घेणारा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, हा मेळ तपासण्यासाठी फार सोयीचा आहे.

कर्जाचा जुना प्रदेश

शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे 12 मे रोजी सावकारांच्या विरोधात जो उठाव झाला, तो पाहता पाहता पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरला. या ‘दख्खनच्या दंग्यां’त शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकाराच्या दप्तरातील कर्जरोख्यांवर होता, कारण व्याज किती लागले आणि मुद्दल किती उरले याचा हिशेब त्या कागदांत होता व तो शेतकऱ्याला वाचता येत नव्हता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. परंतु कायद्याने सावकाराचा हात आखडला, तरी त्याच्या जागी दुसरा कर्जदाता उभा राहिला नाही. ती जागा पुढे 1904 च्या कायद्याने शक्य झालेल्या सहकारी पतसंस्थांनी हळूहळू घेतली. प्रवरेच्या काठावर लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी 1923 साली उभी केलेली सहकारी पतपेढी, आणि त्यानंतर अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने आकाराला आलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना, हे त्याच परंपरेतले टप्पे आहेत.

आज या जिल्ह्यातील पीककर्जाचा मोठा भाग त्रिस्तरीय सहकारी रचनेतून जातो. मुंबईतील राज्य सहकारी बँक सर्वांत वर, अहमदनगर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक मधल्या पायरीवर आणि गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, ज्यांना सगळे जण ‘विकास सोसायटी’ म्हणतात, त्या शेवटच्या पायरीवर आहेत. शेतकरी सोसायटीचा सभासद असतो, सोसायटी जिल्हा बँकेची कर्जदार असते आणि जिल्हा बँक राज्य बँकेकडून व राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेच्या, म्हणजे नाबार्डच्या, पुनर्वित्तातून निधी घेते. या साखळीत प्रत्येक पायरीला आपला खर्च भागवण्यापुरता व्याजातला वाटा राखावा लागतो, आणि म्हणून शेतकऱ्याला स्वस्त दर द्यायचा असेल तर फरक कोणीतरी बाहेरून भरावा लागतो. व्याज सवलतीच्या योजना हा फरक भरण्यासाठीच आहेत.

दर कसा उतरतो

केंद्र सरकारने 2006-07 पासून 3 लाखांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज शेतकऱ्याला 7 टक्के दराने मिळावे, यासाठी बँकांना व्याज सहाय्य देण्यास सुरुवात केली. हे सहाय्य बँकेला मिळते, शेतकऱ्याला नव्हे. बँकेने स्वतःचा पैसा 7 टक्क्यांनी दिला याची ती भरपाई असते, आणि 2022-23 पासून तिचा दर दीड टक्का आहे. त्याहून वेगळी अशी वक्तशीर परतफेडीची सवलत 2009-10 मध्ये 1 टक्क्याने सुरू झाली, पुढच्या वर्षी ती 2 टक्के झाली आणि 2011-12 पासून 3 टक्क्यांवर स्थिरावली. ही दुसरी सवलत मात्र थेट शेतकऱ्याच्या हिशेबात येते. 7 वजा 3, म्हणजे 4 टक्के, हा देशभरात सांगितला जाणारा दर तिच्यातूनच निघतो.

महाराष्ट्राने या केंद्रीय रचनेवर आपले दोन थर चढवले. पहिल्या थरात राज्य सरकार बँकांना व्याज परतावा देते, त्यामुळे शेतकऱ्याला मूळ दरच 7 ऐवजी 6 टक्के लागतो. दुसरा थर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा आहे. ही योजना 1990-91 पासून चालू असून, 30 जूनपर्यंत कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याला राज्याच्या तिजोरीतून व्याजात सूट देते. 2021 पूर्वी ही सूट 1 लाखापर्यंतच्या कर्जाला 3 टक्के आणि 1 ते 3 लाखांच्या कर्जाला 1 टक्का होती. म्हणजे लहान कर्जाला 6 वजा 3 वजा 3 असे शून्य टक्के, आणि मोठ्या कर्जाला 6 वजा 3 वजा 1 असे 2 टक्के व्याज पडत असे. मार्च 2021 च्या अर्थसंकल्पात 3 लाखांपर्यंतच्या सर्व कर्जाला 3 टक्के सूट जाहीर झाली आणि 2021-22 पासून शून्य टक्क्याची मर्यादा 3 लाखांवर गेली.

या आकडेमोडीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. 6 टक्के हा दर शेतकऱ्याला आपोआप लागतो, पण त्यातून वजा होणारे 3 आणि 3 हे दोन्ही आकडे अटीवर अवलंबून आहेत, आणि अट दोन्हीकडे एकच, वेळेत संपूर्ण परतफेड, असली तरी ‘वेळ’ मोजण्याची रीत एकसारखी नाही. केंद्राची सवलत कर्ज उचलल्याच्या दिवसापासून परतफेडीच्या दिवसापर्यंत किंवा बँकेने ठरवलेल्या देय तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत आणि जास्तीत जास्त 1 वर्षासाठी मिळते. खरिपाच्या कर्जाची देय तारीख सर्वसाधारणपणे 31 मार्च आणि रब्बीच्या कर्जाची 30 जून धरली जाते. राज्याच्या योजनेत 30 जून ही कसोटीची तारीख आहे. परिणामी खरिपाचे कर्ज मेमध्ये फेडणारा शेतकरी स्वतःला वेळेत फेडणारा समजतो, परंतु बँकेच्या वहीत त्याची देय तारीख मार्चअखेर उलटून गेलेली असेल, तर केंद्राचे 3 टक्के त्याच्या हातून गेलेले असतात.

दोन लाखांचे उदाहरण

हे सारे एका कागदी उदाहरणावरून पाहणे सोपे जाईल. समजा, एका शेतकऱ्याने 1 जुलै 2024 रोजी सोसायटीतून 2 लाख रुपये उचलले आणि कर्जाची देय तारीख 30 जून 2025 ठरली. जवळजवळ पूर्ण वर्षाचे 6 टक्के दराने व्याज 12,000 रुपये होते. त्याने 30 जूनला किंवा त्याआधी मुद्दल पूर्ण भरले, तर केंद्राचे 6,000 आणि राज्याचे 6,000 रुपये वजा होऊन त्याचे व्याज शून्य राहते. तो आठ महिन्यांतच पैसे फेडून मोकळा झाला, तर व्याज 8,000 रुपयेच होते आणि सवलतही तेवढीच मिळते. लवकर फेडल्याने त्याला वेगळा फायदा होत नाही, कारण शून्याच्या खाली दर जात नाही. तेव्हा या योजनेत लवकर फेडण्याला बक्षीस नाही, उशिरा फेडण्याला मात्र दंड आहे.

आता तोच शेतकरी 60 दिवस उशिरा, म्हणजे 29 ऑगस्टला फेडतो असे समजू. दोन्ही सवलती गेल्याने वर्षाचे 12,000 रुपये व्याज त्याच्यावर येते, आणि देय तारखेनंतर बँकेचा नेहमीचा दर लागू होत असल्याने, तो उदाहरणापुरता 11 टक्के धरला तर, 60 दिवसांचे आणखी 3,616 रुपये होतात. एकूण 15,616 रुपये. ही रक्कम 14 महिन्यांच्या साऱ्या मुदतीवर पसरवली तर दर वर्षाला सुमारे 6.7 टक्के निघतो, आणि कोणी म्हणेल की यात फारसे बिघडले नाही. पण हा हिशेब दिशाभूल करणारा आहे, कारण जूनअखेरीस शेतकऱ्यापुढचा प्रश्न 14 महिन्यांचा नसतो. त्याच्यापुढे दोनच पर्याय असतात: आज फेडावे आणि व्याज शून्य ठेवावे, किंवा 60 दिवस थांबावे आणि 15,616 रुपये भरावेत. म्हणजे 2 लाख रुपये आणखी 60 दिवस वापरण्याची किंमत 15,616 रुपये, आणि ती वर्षाच्या हिशेबात मांडली तर दर जवळजवळ 47.5 टक्के होतो. उशीर एकाच दिवसाचा असेल तर हा हिशेब मांडण्यातही अर्थ नाही. त्या एका दिवसाची किंमत 12,000 रुपये.

अर्थशास्त्रात अशा रचनेला सरळ उतार न म्हणता कडा म्हणणे योग्य ठरते: तारखेच्या अलीकडे शून्य आणि पलीकडे पूर्ण वर्षाचे व्याज, मध्ये पायरी नाही. अर्धे मुद्दल वेळेत भरणाऱ्यालाही ही पायरी मिळत नाही, कारण कर्ज पूर्ण फिटले तरच खाते ‘नियमित’ ठरते.

हातउसने आणि नवे-जुने

कड्यावर उभा असलेला शेतकरी काय करतो, हे गावातील सगळ्यांना ठाऊक असते. तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात कुठून तरी 2 लाख रुपये उभे करतो, सोसायटीत भरतो, खाते शून्य करून घेतो आणि नवे कर्ज मंजूर झाले की त्यातून घेतलेले पैसे परत करतो. या क्रियेला सोसायटीच्या भाषेत ‘नवे-जुने’ म्हणतात. पैसे नातेवाइकाकडून हातउसने मिळाले तर खर्च होत नाही, पतसंस्थेकडून मिळाले तर वर्षाला बारा ते पंधरा टक्क्यांच्या घरात व्याज लागते, आणि गावातल्या सावकाराकडून घेतले तर शेकडा 3 रुपये महिना असा दर ऐकायला मिळतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारण कर्जाला वर्षाला 9 टक्के आणि विनातारण कर्जाला 12 टक्क्यांहून अधिक व्याज घेऊ नये, असे बंधन आहे. शेकडा 3 रुपये महिना, म्हणजे वर्षाला 36 टक्के, हा दर उघडच बेकायदेशीर ठरतो. तरीही तो का स्वीकारला जातो, याचे उत्तर त्याच 2 लाखांच्या उदाहरणात आहे.

शेकडा 3 दराने 2 लाखांचे 15 दिवसांचे व्याज 3,000 रुपये होते. ते भरून 12,000 रुपयांची सवलत वाचत असेल, तर सौदा शेतकऱ्याच्या फायद्याचा आहे. हे व्याज किती दिवस परवडते, तेही काढता येते: सावकाराचे व्याज दिवसाला 200 रुपये आणि बँकेच्या थकीत कर्जाचे सुमारे 60 रुपये, म्हणजे रोजचा फरक 140 रुपये, 12,000 ला 140 ने भागले की सुमारे 86 दिवस येतात. थोडक्यात, जवळजवळ 3 महिने छत्तीस टक्क्यांचे कर्ज वापरले, तरी ते 30 जून चुकवण्यापेक्षा स्वस्त पडते. सावकाराला हटवण्यासाठी उभ्या राहिलेल्या सहकारी कर्जव्यवस्थेत सवलतीच्या अटीनेच त्याला दरवर्षी जूनमध्ये गिऱ्हाईक मिळवून द्यावे, हा या योजनेचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो कोणाच्या वाईट हेतूतून आलेला नसून हिशेबाच्या आखणीतून आलेला आहे. अशा शेतकऱ्याच्या खात्यावर शून्य टक्के लिहिलेले असते. त्याचा खरा दर मात्र 2 लाखांवर 3,000, म्हणजे दीड टक्का असतो, आणि नवे कर्ज हाती यायला 15 दिवसांऐवजी दीड महिना लागला तर तोच दर साडेचार टक्क्यांवर जातो. म्हणून नवे कर्ज किती दिवसांत वाटले जाते, ही कार्यालयीन दिरंगाईची वाटणारी बाब प्रत्यक्षात व्याजदराचा भाग आहे.

ऊस, कांदा आणि तारखेचे न जुळणे

जिल्ह्याच्या उत्तर भागात, प्रवरा आणि मुळेच्या पाटपाण्याखाली, उसाचे क्षेत्र आहे. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस तोडणीला यायला 16 ते 18 महिने घेतो. जुलै 2024 मध्ये लावलेला ऊस 2025 च्या नोव्हेंबर ते जानेवारी 2026 या काळात कारखान्याला जातो आणि त्यानंतर बिल निघते. परंतु केंद्राची सवलत 1 वर्षापुरतीच आहे. म्हणजे लागवडीच्या वेळी उचललेल्या कर्जाची सवलतीची मुदत संपते, तेव्हा ऊस शेतात उभा असतो आणि त्याचा पैसा पाच-सहा महिने दूर असतो. अशा शेतकऱ्याला आपल्या पिकाच्या पैशातून वेळेत फेड करणे शक्यच नसते. तो एक तर मागच्या खोडव्याच्या बिलातून फेडतो, किंवा दुधाच्या व इतर पिकांच्या पैशातून, किंवा नवे-जुने करतो. ज्याच्याकडे एकापेक्षा अधिक पिकांचे पैसे वर्षभर येत राहतात, त्या मोठ्या शेतकऱ्याला शून्य टक्के सहज साधते. दीड-दोन एकरांत फक्त आडसाली घेणाऱ्याला ते साधायला बाहेरून पैसा आणावा लागतो.

उसाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. कारखाने आणि सोसायट्या यांच्यात वसुलीची जोडणी असते. कारखाना शेतकऱ्याच्या बिलातून कर्जाची रक्कम कापून बँकेकडे पाठवतो. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 नुसार ऊस पुरवल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास वर्षाला 15 टक्के व्याज देय होते, परंतु 14 दिवसांची ही मर्यादा अनेकदा पाळली जात नाही. बिलातून कपात झाल्याची पावती शेतकऱ्याच्या हाती असते आणि त्यामुळे कर्ज फिटले असे तो समजतो. सोसायटीच्या वहीत मात्र रक्कम ज्या दिवशी जमा झाली, तोच परतफेडीचा दिवस धरला जातो. कपात आणि जमा यांच्या मधले दिवस देय तारखेच्या पलीकडे गेले, तर शेतकऱ्याची सवलत दुसऱ्याच्या विलंबाने जाते.

पारनेर, नगर, राहुरी या भागांतल्या कांद्याची अडचण निराळी आहे. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढला जातो आणि चांगला वाळवून चाळीत ठेवला तर पावसाळा संपेपर्यंत टिकतो. चाळ ही शेतकऱ्याची भावाची वाट पाहण्याची सोय आहे. जून महिना मात्र कर्जफेडीचा असल्याने, आणि एकाच वेळी अनेकांना पैशाची गरज पडत असल्याने, माल बाजारात आणण्याचा दबाव नेमका त्याच सुमारास येतो. समजा, आपल्या उदाहरणातील शेतकऱ्याने फेडीसाठी 80 क्विंटल कांदा जूनमध्ये विकला. नंतरच्या भावापेक्षा त्याला क्विंटलमागे 150 रुपये कमी मिळाले, तरी 80 गुणिले 150, म्हणजे बरोबर 12,000 रुपयांचे नुकसान होते आणि व्याजाची सगळी सवलत त्यात संपते. साठवणुकीत कांदा वजनाला घटतो, सडतो आणि भाव खालीही जाऊ शकतो, त्यामुळे जूनमध्ये विकणे नेहमीच चुकीचे ठरेल असे नाही. पण विकण्याचा दिवस बाजार पाहून न ठरता बँकेची तारीख पाहून ठरू लागला, की त्याची किंमत व्याजाच्या रकान्यात कधीच दिसत नाही.

सवलत कोणाच्या हातात आणि केव्हा

दर शून्य असणे आणि व्याज भरावे न लागणे, या दोन गोष्टी एकच नाहीत. वसुलीच्या दोन रीती प्रचलित आहेत. एकीत सोसायटी फक्त मुद्दल घेते आणि व्याज सरकारकडून येईल असे गृहीत धरते. दुसरीत शेतकऱ्याकडून मुद्दल व व्याज दोन्ही वसूल होते आणि सरकारकडून रक्कम आली की ती त्याच्या खात्यावर जमा केली जाते. दुसऱ्या रीतीत शेतकरी 2,12,000 रुपये भरतो आणि 12,000 रुपयांची वाट पाहतो. ही रक्कम एक वर्षाने आली आणि तेवढे पैसे त्याला 12 टक्क्यांनी उभे करावे लागले असतील, तर प्रतीक्षेची किंमत 1,440 रुपये, म्हणजे कर्जाच्या सुमारे पाऊण टक्का होते. पहिल्या रीतीत हा भार शेतकऱ्यावरून सोसायटीवर व जिल्हा बँकेवर सरकतो. सरकारी रक्कम उशिरा आली तर त्यांच्या ताळेबंदात ‘येणे’ वाढते आणि गटसचिवाचा पगारही लांबतो. दोन्ही रीतींत कोणी ना कोणी सरकारला बिनव्याजी उधार देतच असतो.

केंद्राच्या सवलतीचे दावे सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या किसान ऋण पोर्टलवरून जातात. त्यात प्रत्येक कर्जाची नोंद, उचलीची आणि फेडीची तारीख व आधार क्रमांक बरोबर असावा लागतो. आधारवरील नाव आणि खात्यावरील नाव यांत फरक असला किंवा उचलीची तारीख चुकीची चढली, तर दावा अडकतो आणि पात्र असूनही शेतकऱ्याला पैसा मिळत नाही.

याशिवाय कर्ज देताना सोसायटी कर्जाच्या प्रमाणात भाग भांडवलाची, म्हणजे शेअरची, कपात करते. ही रक्कम खर्च नसून शेतकऱ्याची सोसायटीतील गुंतवणूक असते, पण ती सहज परत मिळत नाही. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याच्या 2 लाखांतून 5 टक्के कपात झाली, तर त्याच्या हाती 1,90,000 येतात आणि फेडायचे 2 लाख असतात. पुढच्या वर्षांत पुरेसे शेअर जमा असल्यास ही कपात होत नाही, म्हणून पहिल्या कर्जाचा भार सर्वांत जास्त असतो.

माफीचा हिशेब

प्रत्यक्ष दराचा विचार करताना कर्जमाफी बाजूला ठेवता येत नाही, विशेषतः या जिल्ह्यात. राहाता तालुक्यातील पुणतांबे येथूनच 1 जून 2017 रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि संपूर्ण कर्जमाफी ही त्याची मुख्य मागणी होती. त्या वर्षी आलेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत थकबाकीदाराचे दीड लाखांपर्यंतचे कर्ज माफ झाले. नियमित फेडणाऱ्याला मात्र कर्जाच्या 25 टक्के, आणि तेही जास्तीत जास्त 25,000 रुपये, असा प्रोत्साहन लाभ ठरला. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेने 2 लाखांपर्यंतची थकबाकी घेतली आणि नियमित फेडणाऱ्यांसाठी 50,000 रुपयांपर्यंतचे प्रोत्साहन जाहीर केले, ज्याचे वाटप 2022 मध्ये सुरू झाले.

वेळेत फेडल्याचा लाभ 2 लाखांवर वर्षाला 12,000 आहे. 2 लाखांची एक माफी म्हणजे अशा साडेसोळा वर्षांहून अधिक काळाची सवलत एका फटक्यात. शेतकऱ्याला पुढची माफी येईल अशी थोडीही आशा असेल, तर 12,000 रुपयांसाठी धावपळ करणे त्याला मूर्खपणाचे वाटू शकते. या आशेची किंमतही मोठी आहे: थकबाकीदाराला सोसायटी नवे कर्ज देत नाही, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघू शकतो, सातबारावरचा बोजा तसाच राहतो आणि दरम्यान लागणारा पैसा सावकाराकडूनच येतो. तरीही एकाच सरकारने एका हाताने वेळेत फेडणाऱ्याला 6 टक्के आणि दुसऱ्या हाताने न फेडणाऱ्याला मुद्दल द्यावे, यात सवलतीचा धाक आणि लोभ दोन्ही कमी होतात.

काय बदलता येईल

या योजनेवर होणारी चर्चा बहुधा मर्यादेवर अडकते. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 3 लाखांची मर्यादा 5 लाख करण्याचा प्रस्ताव आला, पण मे 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजना पुढे चालू ठेवताना 3 लाख आणि दीड टक्का हीच आखणी कायम ठेवली. मर्यादा वाढवणे हा वेगळा प्रश्न आहे. लहान शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष दरात फरक पडायचा असेल तर तारखेची आखणी बदलावी लागेल. आडसाली उसाची सवलत 18 महिन्यांपर्यंत द्यावी, म्हणजे फेड त्याच पिकाच्या बिलातून होईल. देय तारखेनंतर पहिल्या 90 दिवसांत सवलत एकदम न काढता महिन्यामागे 2 टक्के अशी कमी करावी, म्हणजे 2 लाखांवर एका महिन्याच्या उशिराला 12,000 ऐवजी 4,000 रुपये पडतील आणि शेकडा 3 रुपये महिना मागणाऱ्याकडे जाण्याचे कारण उरणार नाही. कारखान्याने बिलातून कपात केलेला दिवस हाच परतफेडीचा दिवस मानावा आणि पुढच्या विलंबाचे व्याज कारखान्याने सोसावे. या तिन्ही सुधारणांना तिजोरीतून लागणारी रक्कम माफीच्या तुलनेत अगदी किरकोळ असेल.

तोपर्यंत शेतकऱ्याने आपला दर स्वतः काढणे हाच उपाय आहे. कर्ज घेतल्या दिवशीच सोसायटीच्या सचिवाकडून देय तारीख लेखी घ्यावी आणि ती 31 मार्च की 30 जून हे पाहावे. उचलीपासूनचे 365 दिवस त्याआधी संपत असतील तर तीच तारीख आपली मानावी. फेडीनंतर पावतीवर समाधान न मानता खातेउतारा व बेबाकी दाखला घ्यावा, आणि उसाच्या बिलातून कपात झाली असेल तर रक्कम प्रत्यक्ष जमा झाल्याची तारीख त्यावर तपासावी. भरलेले व्याज परत यायचे असल्यास केंद्राचे 3 टक्के आणि राज्याचे 3 टक्के यांच्या स्वतंत्र जमा नोंदी शोधाव्यात, कारण दोन्ही वेगवेगळ्या वेळी येतात आणि एक आली म्हणून दुसरी आली असे होत नाही. शेवटी नवे-जुने करण्यासाठी दिलेले व्याज, परताव्याच्या प्रतीक्षेचा खर्च आणि माल घाईने विकल्याचे नुकसान, अशी तिन्हींची बेरीज करून तिला मुद्दलाने भागावे. जो आकडा येईल, तोच त्या शेतकऱ्याचा खरा व्याजदर होय, आणि अहिल्यानगरच्या बहुतेक लहान शेतकऱ्यांच्या बाबतीत तो फलकावरच्या शून्यापेक्षा जास्त निघेल.